एकही शॉट नसताना टीझर लिहायचा कसा?

प्रश्न : माझी पटकथा तयार आहे. मराठवाड्यातल्या एका भोंदू पाणाड्याची गोष्ट आहे. त्याने दाखवलेल्या जागी एकदा खरोखरच पाणी लागतं आणि तो त्यात अडकत जातो. बजेट अडीच कोटी. लातूरचे एक कृषी सेवा केंद्राचे मालक आणि पुण्याचे एक बिल्डर ऐकायला तयार आहेत. पण दोघांचंही म्हणणं, 'काहीतरी दाखवा'. एकही शॉट घेतलेला नाही. सिझल टीझरचा, म्हणजे पैसे लावणाऱ्यांना दाखवायच्या छोट्या झलकेचा, कन्सेप्ट लिहिला तर काम होईल असं एकाने सांगितलं. मी लिहिलंय ते असं : "भव्य ड्रोन शॉट. दुष्काळाने होरपळलेला मराठवाडा. भेगाळलेली जमीन. एक माणूस, एक श्रद्धा आणि अस्तित्वाचा संघर्ष..." हे बरोबर आहे का? नेमकं काय लिहायचं असतं?

उत्तर :

भेगाळलेली जमीन आधी काढून टाका. ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर ती तुमच्या गोष्टीची नाही म्हणून. दुष्काळावरच्या कुठल्याही लघुपटाला, बातमीला किंवा ठिबक सिंचनाच्या जाहिरातीला ती तितकीच चालेल. 'श्रद्धा' आणि 'संघर्ष' यांचं तर चित्रच निघत नाही. कॅमेरामनने तुम्हाला विचारलं की संघर्ष कुठे उभा करू, तर तुम्ही काय सांगाल?

कन्सेप्ट म्हणजे कथेचा सारांश नाही. सारांश तुम्ही वेगळा देणारच आहात. जो माणूस पटकथा वाचणार नाही आणि ज्याला लेन्समधलं काही कळत नाही, त्याला सव्वा मिनिट चित्रपटगृहात बसवायचं, हे या कागदाचं काम. वाचून झाल्यावर त्याच्या डोक्यात एकच प्रश्न उरला पाहिजे : 'मग पुढे काय होतं?' 'छान विषय आहे' असं तो म्हणाला तर समजा काम झालं नाही. छान विषयाला चहा मिळतो, चेक मिळत नाही.

मग तो प्रसंग शोधायचा कसा? मी सोळा वर्षं निर्मात्यांसाठी हे कागद लिहितोय आणि अजूनही एकच पद्धत वापरतो. पटकथा बंद करायची आणि चित्रपटाशी संबंध नसलेल्या तीन माणसांना गोष्ट तोंडी सांगायची. मेहुणा, केस कापणारा, शेजारचे काका, कोणीही चालेल. आपण काय सांगतो त्याकडे लक्ष द्यायचं नाही. समोरच्याने मोबाईल कुठे खाली ठेवला ते बघायचं. तिघांनीही एकाच ठिकाणी ठेवला, तर तुमचा टीझर तिथे आहे. बहुतेक वेळा ती जागा लेखकाच्या लाडक्या प्रसंगापासून बरीच लांब असते.

तुमची गोष्ट वरवर वाचूनही मला ती जागा दिसते. बोअरची गाडी चालू असताना सगळं शिवार एका भोकाकडे बघत उभं असतं ना, तिथे. ज्याने एकदा तरी स्वतःच्या पैशाने बोअर मारलाय त्याला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या लातूरच्या मालकांच्या दुकानात रोज अशी माणसं येतात. आणि पुण्याच्या बिल्डरला बोअर नवा नाही. त्याने प्रत्येक साइटवर एकेक मारलेला असणार.

या दृश्याची मोठी सोय अशी की त्याला स्वतःचं घड्याळ आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात गाडीचा हातोडा खाली ठोकत जातो, वरून कॉम्प्रेसरची हवा जाते आणि फुटलेल्या दगडाची भुकटी धुरळा होऊन बाहेर येते. एक रॉड साधारण वीस फुटांचा. तो संपला की दुसरा जोडायचा. दर फुटावर ठरलेला, आणि खोली वाढली की दरही चढतो. म्हणजे प्रत्येक रॉड जोडताना शेतकरी मनात हिशेब करत असतो. धुरळा कोरडा येत राहिला तर पैसे गेले. तो ओला झाला, राखाडी चिखल वर आला, की माणसं श्वास सोडतात. टीझरचा सगळा ताण तुम्हाला इथे आयता मिळतोय. पार्श्वसंगीताला सांगायचीही गरज नाही.

आता मी तुमच्या गोष्टीचा कन्सेप्ट कसा लिहीन ते दाखवतो. पंचाहत्तर सेकंदांचा. चित्रपटाचं नाव तुमचं काही वेगळं असेल, मी कामापुरतं 'एकविसावा रॉड' धरतो.

"पडदा काळा. कॉम्प्रेसरची घरघर, त्यात हातोड्याचे ठोके. एक दमलेला आवाज : 'अठरा.'

चित्र येतं. पहाट आहे की संध्याकाळ हे कळत नाही, कारण सगळीकडे पांढरा धुरळा. त्यात नऊ माणसं. केस, भुवया, ओठ, सगळं पांढरं. फक्त डोळे ओले. सगळे एकाच जागी खाली बघतायत. आपल्याला ती जागा दिसत नाही. 'एकोणीस.'

एका बाईच्या हातात कापडी पिशवी. तिने पिशवीचं तोंड मुठीत घट्ट आवळलंय. गाडीवाला लांबूनच एक बोट वर करून विचारतो. तिचा नवरा तिच्याकडे न बघता मान हलवतो. 'वीस.'

इंजिन बंद होतं. इतका वेळ कान भरलेले, आता काहीच नाही. कुठेतरी एक टिटवी. नऊही माणसं हळूहळू वळतात. बोअरकडे नाही, बांधावर बसलेल्या माणसाकडे. पांढरा सदरा, धुरळ्याचा एक कणही नाही. त्याच्या तळहातावर नारळ आडवा पडलाय.

आपण आता त्याच्या बाजूने बघतोय, त्याच्या हातामागून. गावाला दिसत नाही ते आपल्याला दिसतं : नारळाखालून त्याचा अंगठा सरकतो. नारळ हळूहळू उभा राहतो.

बाईच्या हातातली पिशवी नवरा ओढून घेतो.

काळा पडदा. रॉड जोडल्याचा लोखंडी आवाज. इंजिन सुरू. ठोका. ठोका. मग ठोक्याचा आवाज बदलतो.

नाव : एकविसावा रॉड."

इथे संपवायचं. यात संवाद म्हणून तीन आकडे आहेत. निवेदन नाही. 'ही कहाणी आहे एका अशा माणसाची' या वाक्याचा मला आता इतका कंटाळा आलाय की ते दिसलं की मी कागद खाली ठेवतो. निवेदन अगदीच हवं असेल तर मोजून घ्या : सावकाश मराठी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपुढे जात नाही, आणि टीझरमध्ये आवाजाला निम्म्याहून जास्त वेळ दिला तर चित्राला काही काम उरत नाही. म्हणजे पंचाहत्तर सेकंदांत साठेक शब्द, त्याहून जास्त नाही.

या दृश्यातला खरा ऐवज अंगठ्यात आहे. नारळ उभा राहतो तिथे पाणी असं गाव मानतं, आणि इथे तो अंगठ्याने उभा केलाय. तुमच्या मसुद्यात पाणाड्या भोंदू आहे हे सांगितलेलंच नाही. ते तुम्ही मध्यंतरासाठी राखून ठेवलंय असं दिसतं. मी ते टीझरमध्येच फोडलंय आणि त्याबद्दल तुम्ही माझ्याशी भांडाल. पण विचार करा. तो भोंदू आहे हे माहीत नसेल तर प्रश्न उरतो 'पाणी लागेल का?' एवढाच. तो बातमीतला प्रश्न आहे. अंगठा दिसल्यावर प्रश्न बदलतो : खोट्या माणसाच्या हातून खरं पाणी लागलं तर त्याचं काय होईल? या प्रश्नासाठी दोन तास बसता येतं. टीझरने गुपित लपवलंच पाहिजे असं काही नाही. चित्रपट ज्या प्रश्नावर उभा आहे तो प्रश्न टीझरने विचारला पाहिजे, आणि त्यासाठी एखादं गुपित खर्ची पडत असेल तर ते खुशाल पडू द्यावं. ठोक्याचा आवाज का बदलला, हे मात्र राखून ठेवायचं.

आता लिहिण्याच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण बहुतेक कन्सेप्ट इथे मरतात. वर जे लिहिलंय ते तुम्ही उद्या खरंच शूट करू शकता का? एक जागा, दहा-अकरा माणसं, एक भाड्याची गाडी, एक नारळ. कोरडा गेलेला जुना बोअर शोधायचा, गाडी त्यावर उभी करायची आणि भाड्याची बोलणी फुटावर न करता तासावर करायची. धुरळ्याला मुलतानी माती आणि पंखा. एका दिवसाचं काम आहे. माझ्या अंदाजाने तीन-साडेतीन लाखांत, मित्रांचे हात धरले तर त्याहून कमीत. कन्सेप्टच्या खाली हे दोन ओळींत लिहाच. पैसे लावणारा माणूस वाचतो तेव्हा त्याच्या मनात एक कॅल्क्युलेटर चालूच असतो. दृश्य आणि खर्च यांचा मेळ त्याला पहिल्याच पानावर दिसला की अडीच कोटींच्या आकड्यावरही त्याचा विश्वास बसतो.

उलट झालेलं मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक चित्रपटासाठी मी पाचशे घोड्यांची चाल लिहिली होती. लिहिताना अंगावर काटा आला होता. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोडे किती दिवस लागतील?" ते पूर्वी मांडव-डेकोरेशनच्या धंद्यात होते, घोड्याचं रोजचं भाडं त्यांना पाठ होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैठक तिथेच संपली. तुमच्या 'भव्य ड्रोन शॉट'चंही तेच. ड्रोन महाग नाही, पण 'भव्य' या शब्दापुढे लोक आकडा शोधतात.

याच कारणासाठी दुसऱ्यांच्या चित्रपटांचे तुकडे जोडून केलेल्या रीलबद्दल मी सावध असतो. ही पद्धत जगभर चालते, तिला रिपोमॅटिक म्हणतात. हॉलिवूडचा दिग्दर्शक रायन जॉन्सन याने त्याच्या 'लूपर'साठी इतर चित्रपटांतले शॉट जोडून आणि नायक जोसेफ गॉर्डन-लेव्हिटचा आवाज घालून असा खोटा ट्रेलर केला होता. पण तो ज्यांना दाखवायचा होता ती माणसं व्यवसायातली. उसने शॉट कुठले आणि आपण काय करणार यातला फरक त्यांना कळतो. लातूरच्या मालकांना तो कळेलच असं नाही, आणि कळावा ही अपेक्षाही नको. मी एकदा अशी रील दाखवली होती. त्यातले निम्मे शॉट शंभर कोटींच्या चित्रपटांतले. पैसे मिळाले. पुढे चित्रपट तयार झाल्यावर ते गृहस्थ पहिल्या खेळाला म्हणाले, "ते रात्रीच्या पावसाचं कुठंय?" ते कधीच आमचं नव्हतं. शिवाय ते शॉट आणि ती गाणी दुसऱ्यांच्या मालकीची असतात. चार माणसांच्या खोलीत दाखवलेली रील कोणीतरी पुढे पाठवतो, इंटरनेटवर चढवतो, आणि तुमच्या चित्रपटाची पहिली ओळख कॉपीराइटच्या तक्रारीने होते.

उसन्या चित्रापेक्षा खरा आवाज न्या. जवळपास कुठे बोअर चालू आहे ते विचारा, गाडीवाल्याची परवानगी घ्या आणि मोबाईलवर चाळीस सेकंद फक्त आवाज रेकॉर्ड करा : ठोके, इंजिन बंद पडणं, रॉड जोडताना लोखंडावर लोखंड. एक बरा स्पीकर बरोबर ठेवा. बैठकीत कागद हातात द्यायच्या आधी तो आवाज लावा आणि वर लिहिलेलं स्वतः वाचून दाखवा. वाचायला दीड-दोन मिनिटं लागतील. जिथे इंजिन बंद होतं तिथे तुम्हीही थांबा. पूर्ण तीन सेकंद. हे नाटकी वाटेल, पण ती शांतता हाच तुमच्या टीझरचा सगळ्यात महागडा शॉट आहे आणि तो फुकट मिळतोय.

यात फार नवं काही नाही. जोएल आणि एथन कोएन या भावांनी त्यांच्या पहिल्या चित्रपटाआधी, 'ब्लड सिंपल'आधी, तो चित्रपट जणू तयारच आहे असा एक छोटा ट्रेलर शूट केला आणि १६ एमएमचा प्रोजेक्टर घेऊन मिनियापोलिसमध्ये लोकांच्या घरी, दुकानांत जाऊन दाखवला. साधारण साडेसात लाख डॉलर त्यांनी असे जमवले, तेही बहुतेक करून चित्रपटाशी संबंध नसलेल्या लोकांकडून. म्हणजे तुमच्यासारखंच. फरक इतकाच की त्यांच्याकडे दोन मिनिटांचं चित्रीकरण होतं. तुमच्याकडे आज तेही नाही, म्हणून कागदाला जास्त काम करावं लागेल.

आणि कागद म्हणजे दोन पानं. पहिल्यावर टीझर, तो वर दिला. दुसऱ्या पानावर मात्र काहीही लपवायचं नाही. मी बघतो त्या दहातल्या सात मसुद्यांत लेखक गुंतवणूकदारालाही प्रेक्षकच समजतो आणि शेवटी लिहितो : 'पुढे काय होतं, ते पडद्यावरच पाहा!' अहो, तो माणूस तिकीट काढत नाहीये, भागीदार होतोय. त्याला दहा ओळींत पूर्ण गोष्ट सांगा, शेवटासकट. एकविसाव्या रॉडला पाणी लागतं, पाणाड्याचा देव होतो, दहा गावं त्याच्या मागे लागतात, आणि मग तुम्ही जे ठरवलं असेल ते. शेवट सांगताना तुम्ही अडखळलात तर शेवट कच्चा आहे हे त्याला कळतं. तुम्हालाही कळायला हवं.

त्याच पानावर पैशाच्या गोष्टी. शूटिंग किती दिवस, किती जागा, पैसा कोणत्या टप्प्याला लागणार, वसुलीत पहिला हक्क कोणाचा. प्रसिद्धी आणि वितरणाचा खर्च अडीच कोटींत धरलाय की वेगळा, हे ठळक लिहा. मराठीत सगळ्यात जास्त भांडणं मी या एका ओळीवरून बघितलीत : चित्रपट तयार होतो आणि मग गुंतवणूकदाराला पहिल्यांदा कळतं की तो थिएटरपर्यंत न्यायला आणखी पैसे लागणार आहेत. सरकारी अनुदान 'येणारे पैसे' म्हणून शूटिंगच्या हिशेबात धरू नका. ते चित्रपट पूर्ण होऊन तपासला गेल्यावर मिळतं, मिळालं तर. 'हमखास दुप्पट' किंवा ठरावीक टक्के परतावा असं चुकूनही लिहू नका, आणि हा कागद पंचक्रोशीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवून लोकांकडून पैसे मागू नका. ओळखीच्या मोजक्या लोकांशी भागीदारी करणं वेगळं आणि जनतेकडून पैसे गोळा करणं वेगळं. कंपनी काढलीत तर कंपनी कायद्यानुसार खासगीरीत्या शेअर देऊ करायलाही वर्षाला दोनशे जणांची मर्यादा आहे. सीएला आधी भेटा.

नटांबद्दल एकच. ज्याने होकार दिलेला नाही त्याचा फोटो लावू नका. 'अमुक यांच्याशी बोलणी सुरू' असं लिहिलेल्या एका कागदावरून गुंतवणूकदाराने थेट त्या नटालाच फोन लावला होता. नटाला पत्ताच नव्हता. पाणाड्याचं वर्णन इतकं नेमकं लिहा की वाचणारा स्वतःच नाव सुचवेल. 'पांढरा सदरा, धुरळ्याचा कणही नाही' एवढ्यावर लोक नाव घेतात, मी बघितलंय. त्याने सुचवलेलं नाव तुम्ही छापलेल्या नावापेक्षा जास्त कामाचं, कारण मग तो चित्रपट थोडा त्याचाही होतो.

हाच कागद पुढे गोव्याच्या फिल्म बाजारात न्यायचा विचार असेल, तर पहिलं पान तेच ठेवा, पण इंग्रजीत नव्याने लिहा. 'पाणाड्या' म्हणजे काय हे तिथल्या परदेशी सहनिर्मात्याला अंगठा सरकायच्या आधी कळलं पाहिजे. त्यासाठी सुरुवातीला दहा सेकंद जास्त घ्या : नारळ उभा राहतो तिथे पाणी असतं असं गाव मानतं, एवढं चित्रात दाखवा. लातूरसाठी ते दहा सेकंद वाया जातील.

बैठकीच्या आधी एक चाचणी करून बघा. पहिलं पान एखाद्याला वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच सांगायला लावा. अंगठा आणि ठोक्याचा बदललेला आवाज, या दोन गोष्टी त्याने आपणहून सांगितल्या तर पान तयार आहे. त्याने फक्त 'बोअरची गोष्ट होती' एवढंच सांगितलं, तर बहुधा मधल्या कुठल्या तरी परिच्छेदात तुम्ही विशेषणं घातली आहेत. ती शोधून काढा. आणि त्याने पाणाड्या भोंदू असल्याचं सांगितलंच नाही, तर अंगठ्याचं वाक्य सुटं नाही, कशाच्या तरी गर्दीत अडकलंय. त्याच्या आधी आणि नंतर जागा सोडा.

वाचून झाल्यावर लगेच बजेटवर उडी मारू नका. कागद उलटा ठेवा आणि गप्प बसा. मालक बहुतेक विचारतील, "लागतं का मग पाणी?" त्यांनी हे विचारलं की दुसरं पान पुढे करा. नाही विचारलं, तर त्या दिवशी पैशाचा विषय काढू नका. चहा घ्या, त्यांच्या स्वतःच्या बोअरची गोष्ट विचारा, आणि कुठल्या वाक्यावर ते पुढे सरकून बसतात तेवढं लक्षात ठेवून घरी या.